पडद्यावरचा ठिपका: डेड की स्टक, आणि वॉरंटीत किती चालतात?

नवीन मॉनिटर किंवा टीव्ही घेतल्यावर पडद्यावर एखादा ठिपका दिसला की पहिला प्रश्न येतो, "बदलून मिळेल का?" याचं उत्तर फक्त ठिपक्यांच्या संख्येवर नाही, तर प्रकारावरही ठरतं. म्हणून तक्रार करण्याआधी प्रकार ओळखून घ्या.

पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा आणि निळा अशा तीन सबपिक्सेलचा बनलेला असतो. प्रत्येक सबपिक्सेलला स्वतःचा एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर चालू-बंद करतो. तो किंवा त्याची जोडणी बिघडली की सबपिक्सेल कायम बंद राहतो किंवा कायम पेटलेला राहतो. पूर्ण बंद पडलेल्याला डेड आणि एकाच रंगात अडकलेल्याला स्टक म्हणतात.

तपासणी सोपी आहे. पडदा बंद करून मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसा आणि वाळू द्या, कारण निम्म्या तक्रारी धुळीच्या कणावरच मिटू शकतात. मग पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा अशी पाच एकरंगी चित्रं पडद्याच्या मूळ रिझोल्यूशनला, पूर्ण पडदाभर, एकामागून एक दाखवा. खोलीत अंधार केला तर काळ्या चित्रावर पेटलेले ठिपके चटकन दिसतात. ठिपका नेहमीच्या अंतरावरून आणि थोडं बाजूला सरकूनही पाहा. धूसर कडांचा डाग बाजूने पाहताना पिक्सेलच्या जाळीवरून सरकल्यासारखा वाटला, तर तो थरांमध्ये अडकलेला कण असण्याची शक्यता जास्त. पिक्सेलचा दोष आपल्या जागी टोकदार दिसतो.

एक उदाहरण घेऊ. फुल एचडी मॉनिटरवर तीन ठिपके सापडले. पहिला पांढऱ्या, लाल, हिरव्या आणि निळ्या या चारही चित्रांवर काळाच दिसतो, म्हणजे अख्खा पिक्सेल डेड. दुसरा पांढऱ्यावर पिवळसर दिसतो, निळ्यावर काळा, पण लाल आणि हिरव्यावर दिसतच नाही, म्हणजे फक्त निळा सबपिक्सेल बंद आहे. तिसरा काळ्यावर हिरवा चमकतो आणि लाल चित्रावर पिवळा होतो. तो पेटून अडकलेला हिरवा सबपिक्सेल.

आता मोजणी. बहुतेक धोरणांचा पाया 2001 च्या आयएसओ 13406-2 मानकातला दुसरा वर्ग आहे. पुढे 2008 मध्ये आयएसओ 9241 मालिकेने त्याची जागा घेतली, तरी जुने आकडे अजून वापरात दिसतात. त्यानुसार दर दहा लाख पिक्सेलमागे कायम पेटलेले पूर्ण पिक्सेल 2, कायम बंद पूर्ण पिक्सेल 2 आणि सबपिक्सेलचे दोष 5 चालतात. फुल एचडीत 1920 × 1080 म्हणजे सुमारे 20.7 लाख पिक्सेल असतात, त्यामुळे मर्यादा साधारण 4, 4 आणि 10 होते. आपल्या उदाहरणात पूर्ण बंद पिक्सेल 1 आणि सबपिक्सेलचे दोष 2. या हिशोबाने तो मॉनिटर वॉरंटीत बदलून मिळणार नाही. 4K पडद्यावर सुमारे 83 लाख पिक्सेल असल्याने मर्यादा चौपट होते, आणि हे पाहून ग्राहकाला राग येणं आम्हाला समजतं.

मात्र हे मानक म्हणजे सगळ्यांवर बंधनकारक कायदा नाही. कंपनी स्वतःचं धोरण ठरवते आणि ते मॉडेलनुसारही बदलतं. काही मॉडेलना "एकही पेटलेला पिक्सेल नाही" अशी हमी असते. तिथे आपला हिरवा ठिपका एकटाच पुरेसा ठरू शकतो, पण त्या हमीत पेटलेला सबपिक्सेल धरला आहे की फक्त पूर्ण पिक्सेल, हे नीट वाचा. ठिपके एकमेकांना चिकटून असतील तर बऱ्याच धोरणांत त्यांची वेगळी आणि कडक मोजणी होते. म्हणून अंतरही टिपा.

विक्रेत्याची परत करण्याची मुदत ही वॉरंटीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. एक ठिपका वॉरंटीत बसत नसला तरी त्या मुदतीत वस्तू परत घेतली जाऊ शकते, म्हणून खोकं आणि पॅकिंग तोवर जपून ठेवा आणि तपासणी पहिल्याच दिवशी करा.

स्टक पिक्सेल काही वेळा रंग भराभर बदलणारं चित्र त्या जागी चालवल्याने सुटतो, पण खात्री नाही. ठिपक्यावर बोटाने किंवा पेन्सिलीने दाबू नका. पडद्यावर दाबाचा डाग पडला तर ते ग्राहकाकडून झालेलं नुकसान मानलं जातं आणि वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

आमच्याकडे तक्रार पाठवताना प्रत्येक ठिपक्याचे दोन फोटो द्या: एक पूर्ण पडद्याचा, जागा कळण्यासाठी, आणि एक जवळून. काळ्या चित्रावर फोनचा कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो आणि पेटलेला ठिपका फुगून मोठा दिसतो, तेव्हा फोकस ठिपक्यावर लॉक करून उजेड कमी करा. कोणत्या रंगाच्या चित्रावर तो कसा दिसतो, हे प्रत्येक फोटोसोबत लिहा.