वाहन परवान्याचे रूपांतर (जर्मनी)

ठाणे किंवा वाशीच्या आरटीओने दिलेला परवाना जर्मनीत नवी वस्ती झाल्यापासून सहाच महिने चालतो, आणि तोही जर्मन भाषांतर सोबत असेल तर. म्हणजे घोडबंदर रोडवरून म्युनिकला गेलेल्या माणसाची वस्ती १० मार्चला सुरू झाली, तर १० सप्टेंबरनंतर त्याने स्टिअरिंगला हात लावू नये. त्यापुढे गाडी चालवणे हा विनापरवाना वाहन चालवण्याचा फौजदारी गुन्हा ठरतो. नुसत्या दंडाच्या पावतीवर भागत नाही.

जपानसारख्या काही देशांचा परवाना तिथे परीक्षेविना बदलून मिळतो. भारत त्या यादीत नाही, म्हणून आपल्या माणसाला थिअरी आणि प्रत्यक्ष चालवण्याची, अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवशिक्याला सक्तीचे असलेले वर्ग मात्र माफ असतात. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स करून अर्ज भरायचा. ही कामे पहिल्याच महिन्यात उरकलेली बरी.

थिअरी परीक्षा संगणकावर होते. इंग्रजीचा पर्याय आहे, मराठी-हिंदीचा नाही. कारसाठी ३० प्रश्न असतात आणि चुकलेल्या प्रश्नाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे २ ते ५ दोषगुण पडतात. एकूण १० पर्यंत चालतात. पण ५ गुणांचे दोन प्रश्न चुकले, तर बेरीज १० च असूनही उमेदवार नापास! तेच ४, ३ आणि ३ गुणांचे तीन प्रश्न चुकलेला पास होतो. शिवाय एका प्रश्नाची दोन किंवा तीनही उत्तरे बरोबर असू शकतात आणि त्यातले एक जरी निसटले तरी पूर्ण प्रश्न चुकीचा धरतात. वर्षानुवर्षे गाडी चालवणारे इथेच अडकतात, कारण एक बरोबर उत्तर दिसले की ते पुढे सरकतात. नापास झाल्यास पुन्हा बसायला निदान दोन आठवडे थांबावे लागते.

सर्वांत जास्त सराव लागतो तो ‘रेश्ट्स फोर लिंक्स’ या नियमाचा, म्हणजे डावीकडच्याआधी उजवीकडचा. सिग्नल नाही, पाटी नाही, अशा चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. तुमचा रस्ता रुंद आहे आणि उजवीकडच्या गल्लीतून एक सायकलवाला येतोय, तरी थांबायचे तुम्हीच. हॉर्न वाजवून पुढे काढायची सवय इथे कामाची नाही. आकड्यांचे प्रश्नही येतात. ताशी ५० किमी वेगात थांबायला किती अंतर लागेल? वेगाला १० ने भागून ३ ने गुणले की प्रतिक्रियेचे १५ मीटर, भागाकाराचा वर्ग केला की ब्रेकचे २५, एकूण ४०.

थिअरीचा निकाल १२ महिने टिकतो. तेवढ्यात प्रत्यक्ष परीक्षा पार पडली पाहिजे. जर्मन परवाना हातात देताना तिथले कार्यालय भारतीय परवाना ठेवून घेते, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत ठाण्यातल्या घरीही असू द्यावी.