एसीचं पाणी गाडीखाली पडतंय का, एवढं बघत जा

गाडी उभी केली, उतरलात, मागे वळून पाहिलं तर बोनेटच्या मागच्या बाजूला जमिनीवर पाणी. आमच्याकडे येणाऱ्या फोनांपैकी बरेच याच धास्तीचे असतात. बहुतेकांना आम्ही एकच उत्तर देतो: एसी चालू होता ना, मग ते पाणी तिथेच पडायला हवं. फोन यायला हवा तो दमट दिवशी तासभर एसी चालवूनही खाली थेंब दिसला नाही तर. तसा फोन मात्र क्वचितच येतो, कारण न दिसणाऱ्या पाण्याकडे कोण लक्ष देणार? हे पत्रक त्यासाठी आहे.

पाणी येतं कुठून

डॅशबोर्डच्या आत एका प्लॅस्टिकच्या पेटीत एसीची कूलिंग कॉइल बसवलेली असते. एसी चालू असताना तिचे पातळ पत्रे शून्याच्या थोडे वर, साधारण 2 ते 5 अंश सेल्सिअसपर्यंत थंड होतात. ब्लोअरची हवा त्यांच्यामधून जाते आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर पाणी सुटतं तसं इथेही सुटतं. ते पेटीच्या तळातल्या खोलगट भागात जमतं आणि बोटाएवढ्या जाड रबरी पाइपातून गाडीच्या बाहेर पडतं. यालाच ड्रेन पाइप म्हणतात. बहुतेक गाड्यांत तो इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून किंवा पायाखालच्या पत्र्यातून खाली निघतो, सहसा चालकाशेजारच्या सीटच्या पुढे किंवा गाडीच्या मधोमध.

पाणी किती येईल ते हवेवर ठरतं. 30 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर दर घनमीटर हवेत सुमारे 21 ग्रॅम वाफ असते. कॉइलवरून 8 अंशांपर्यंत थंड होऊन निघालेल्या हवेत जेमतेम 8 ग्रॅम उरते. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे 13 ग्रॅम पाणी कॉइलवर राहिलं. बाहेरची हवा आत घेत ब्लोअरने तासाला 200 घनमीटर हवा ढकलली, तर हिशेब अडीच लिटरपर्यंत जातो. प्रत्यक्षात सगळी हवा इतकी थंड होत नाही, त्यामुळे पाणी कमी निघतं. तरी तासाला लिटरभर निघालं तर नवल नाही. आता तेच 30 अंश धरा, पण आर्द्रता 20 टक्के. हवेत मुळात 6 ग्रॅमच वाफ आहे. अशा कोरड्या दिवशी गाडीखाली काहीच पडलं नाही तर त्यात बिघाड शोधू नका.

चालत्या गाडीतलं पाणी रस्ताभर सांडत जातं, म्हणून ते कुणाला दिसत नाही. गाडी थांबली की पत्र्यांमध्ये अडकलेलं पाणी दहा-पंधरा मिनिटं एकाच जागी टपकत राहतं आणि थारोळं मोठं वाटतं.

ते एसीचंच आहे ना

पांढरा कागद किंवा टिश्यू त्यात बुडवून बघा. एसीचं पाणी बिनरंगी आणि बिनवासाचं असतं, बोटांत चोळलं तर साध्या पाण्यासारखंच लागतं. हिरवट, गुलाबी किंवा नारिंगी छटा आली, बोटाला बुळबुळीत लागलं, गोडसर वास आला, तर ते कूलंट आहे. ते विषारी असतं, म्हणून चाखून बघू नका आणि पाळीव प्राण्यांना त्याच्या जवळ येऊ देऊ नका. कूलंट गळत असेल तर पातळी तपासल्याशिवाय गाडी पळवू नका. तपकिरी, काळं किंवा लालसर तेलकट काही दिसलं तर तो या पत्रकाचा विषय नाही. गाडी सरळ दाखवायला आणा.

पाइप तुंबला की काय होतं

कॉइलवर पाणी सुटायचं थांबत नाही, फक्त त्याची वाट बदलते. पेटीचा तळ भरतो आणि ब्रेक मारला किंवा वळण घेतलं की डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते. बाटलीत पाणी हलवल्यासारखा हा आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही. पुढे पाणी पेटीच्या सांध्यांतून किंवा ब्लोअरच्या बाजूने आत उतरतं, बहुधा चालकाशेजारी बसणाऱ्याच्या पायाशी.

इथे एक फसगत होते. वरचं रबरी मॅट कोरडं असतं, कार्पेटही हाताला नुसतं गार लागतं. पण कार्पेटखाली फोमचा जाड थर असतो आणि तो स्पंजासारखा पाणी पिऊन बसतो. म्हणून मॅट उचला, कार्पेटवर तळहात ठेवून जोरात दाबा. पाणी वर आलं तर आत बरंच साठलेलं आहे. त्याच्या आसपास दुसऱ्या खुणाही असतात: एसी सुरू करताना आंबूस वास, सकाळी काचा आतून धुरकट. त्या फोममधून वायरिंग जातं, काही गाड्यांत सीटखाली इलेक्ट्रॉनिक युनिटही असतं. ओल लांबली की कनेक्टर गंजतात आणि कुठला तरी दिवा कारण नसताना लागायला लागतो. एवढं होऊ देऊ नका.

अर्धवट तुंबलेला पाइप जास्त चकवतो. गाडी उताराला लावली की पाणी येतं, सपाटीला लावली की नाही. किंवा थेंब थेंब येण्याऐवजी पहिल्याच वळणाला भसकन पडतं.

घरच्या घरी करायची तपासणी

दमट दिवस निवडा. गाडी उघड्यावर, कोरड्या आणि सपाट जागी लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं. एसी पूर्ण थंडवर, ब्लोअर मध्यम. आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या. हे महत्त्वाचं आहे, कारण आतली हवा फिरत राहिली की ती थोड्या वेळात कोरडी होते आणि चांगल्या पाइपातूनही जेमतेम थेंब पडतात. 20 मिनिटांनी वाकून बघा. ठरावीक लयीत थेंब पडत असतील तर पाइप मोकळा आहे. थंड हवा व्यवस्थित येतेय आणि खाली मात्र ठणठणीत कोरडं, तर पाइपावर संशय घ्या. हवाच थंड येत नसेल तर पाणी कमी असणारच. तेव्हा आधी गॅस आणि फिल्टर बघावे लागतात.

नुकतीच आलेली एक गाडी

चार वर्षं वापरलेली छोटी गाडी. तक्रार अशी की पावसाचं पाणी आत येतंय. आधीच्या एका वर्कशॉपने पुढच्या काचेच्या कडेला सीलंट भरलं होतं, तरी शेजारची बाजू ओलीच. आम्ही मालकांना विचारलं, गाडी नुसती उभी असताना पाऊस लागला तेव्हा आत ओलं झालं का? ते थोडं आठवून म्हणाले, "मागे दहा दिवस बाहेरच उभी होती, भरपूर पाऊस झाला, पण आत कोरडं होतं. उलट लांबचा प्रवास झाला की भिजतं." इथे निम्मं निदान झालं. पावसाने किंवा गाडी धुतल्याने भिजत असेल तर काचेखालची जाळी, दाराचं अस्तर, सनरूफच्या नळ्या बघायच्या. एसी लावलेल्या प्रवासानंतर भिजत असेल तर ड्रेन पाइप. तिसरी शक्यता हीटरच्या कूलंटची असते, तेव्हा ओल चिकट असते आणि काचेवर आतून तेलकट थर धरतो. इथे तसं काही नव्हतं.

एसी 20 मिनिटं चालवला, खाली कोरडं. गाडी लिफ्टवर घेतली तर पाइपाचं तोंड सापडेना. तीन महिन्यांपूर्वी खालून गंजरोधक कोटिंग मारून घेतलं होतं आणि त्या काळ्या थराखाली तोंड बंद झालेलं. थर कापला तशी पाण्याची धार लागली, भांड्यात 700 मिलिलिटरच्या आसपास जमलं. आम्ही तिथेच थांबलो असतो तर गाडी महिन्याभरात परत आली असती, कारण धार ओसरल्यावरही थेंब रखडत होते. व्हॅक्यूमने ओढल्यावर आतून काळा बुळबुळीत गोळा निघाला: धूळ, शेवाळासारखा चिकटा आणि पेटीतल्या झडपेच्या फोमचे झिजलेले तुकडे. पाणी महिनोन्‌महिने साचून राहिलं की असंच होतं.

पाइप मोकळा करायला तासही लागला नाही. वाळवायला तीन दिवस लागले. सीट काढून, कार्पेट उचलून, फोम दाबून पाणी काढलं, मग पंखा लावून ठेवला. नुसत्या काचा उघड्या ठेवून फोम वाळत नाही, हे आम्ही ग्राहकांना कितीदा सांगितलं असेल.

स्वतः करणार असाल तर

पाइपाचं तोंड सहज दिसत आणि पोहोचत असेल तरच हात घाला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, इंजिन बंद ठेवा आणि सायलेन्सरचा पाइप थंड होऊ द्या. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलच्या आसपास काही करू नका. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी किंवा लांब केबल टाय हलकेच काही सेंटिमीटर आत फिरवा. अडलं तर जोर लावू नका, आत कॉइल आहे. लोखंडी तार नको. कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच नको, कारण ती पाइप आतल्या सांध्यातून उखडते आणि घाण पाणी ब्लोअरवर उडवते. पाणी बाहेर ओढणारा ओल्या कचऱ्याचा व्हॅक्यूम सगळ्यांत सुरक्षित. तोंड मोकळं करताना चेहरा बाजूला ठेवा. आमच्या नव्या मुलांना हे एकदा भिजल्यावरच पटतं.

काम झाल्यावर वरची 20 मिनिटांची तपासणी पुन्हा करा. केबिन फिल्टर फाटलेला असेल किंवा नीट बसलेला नसेल तर तो बदला, पानांचा चुरा आणि धूळ तिथूनच कॉइलपर्यंत जाते. गाडीला खालून कोटिंग करून घेतलंत तर त्याच आठवड्यात एसीचं पाणी पडतंय का ते बघा.

गाडी आमच्याकडे आणणार असाल तर कार्पेट वाळवून आणू नका, ओल जशी आहे तशी आम्हाला बघायची असते. शेवटचा पाऊस किंवा धुलाई कधी झाली, एसी किती वेळ लावला होता आणि तेव्हा बाहेरची हवा घेत होतात की आतली, एवढं आठवून या.