डिलिव्हरी आकार गणक

पार्सलचे वजन आणि ते किती लांब जायचे आहे एवढ्या दोन गोष्टींवरून पोहोचवण्याचा आकार, म्हणजे शुल्क, काढणाऱ्या तक्त्याला किंवा प्रोग्रामला डिलिव्हरी आकार गणक म्हणतात. वजनाचे टप्पे पाडलेले असतात, त्यांना व्यवहारात ‘स्लॅब’ म्हणतात. अंतराचे पट्टे असतात. टप्पा आणि पट्टा जिथे एकमेकांना छेदतात त्या चौकटीत दर लिहिलेला असतो. तो दर वजनाने गुणायचा आणि उत्तर ठरावीक रकमेपेक्षा कमी आले तर ती किमान रक्कम लावायची, एवढाच हिशेब. सांगलीतून हळद, बेदाणे, भडंग बाहेरगावी पाठवणाऱ्या दुकानाला असा तक्ता एका स्प्रेडशीटमध्ये बसवता येतो. तो बिघडतो मात्र टप्प्यांच्या कडांवर आणि किमान आकारापाशी, म्हणून या नोंदीत त्या दोन जागांचा विचार अधिक केला आहे.

पुढील दर केवळ नमुन्याचे आहेत. चौकटीतला आकडा रुपये प्रति किलो, अंतर सांगलीपासून रस्त्याने.

| वजन (ग्रॅम, पर्यंत) | १५ किमी (मिरज, कुपवाड) | ६० किमी (तासगाव, कोल्हापूर) | १५० किमी (कराड, सातारा) | ३०० किमी (पुणे) |
|---|---|---|---|---|
| ५००० | ८ | १२ | १६ | २० |
| २०००० | ६ | ९ | १२ | १५ |
| ५०००० | ४ | ६ | ९ | १२ |
| किमान आकार (रु.) | ३० | ४० | ६० | १०० |

अंतर नकाशावरच्या सरळ रेषेने मोजू नये. कृष्णेच्या पलीकडचे गाव रेषेने जवळ दिसते, पण टेम्पो पुलावरूनच जाणार. गाव किंवा पिनकोड कोणत्या पट्ट्यात येतो याची वेगळी यादी ठेवणे सर्वांत सोयीचे. पुराने रस्ता बंद झाला आणि वाहनाला मोठा फेरा पडू लागला, तर त्या यादीतल्या चार-दोन गावांचा पट्टा तेवढ्यापुरता बदलता येतो. दरतक्त्याला हात लावावा लागत नाही.

आकारणीचे वजन. तक्त्यात शोधायचे वजन म्हणजे मालाचे निव्वळ वजन नव्हे. खोका, पॅकिंग धरून काट्यावर येते ते वजन घ्यायचे, आणि हलक्या पण जागा अडवणाऱ्या मालासाठी घनमापी वजनही काढायचे: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचे, उत्तर किलोत येते. ५००० हा कुरिअर व्यवसायात सर्रास वापरला जाणारा भाजक आहे. रस्त्याने जाणाऱ्या मालाला काही ठिकाणी वेगळा भाजक लावतात. दोन्ही वजनांतले जास्त ते आकारणीचे वजन.

सांगलीच्या भडंगाला हा नियम चांगलाच लागू पडतो. ४० × ४० × ५० सेंटिमीटरच्या खोक्यात भडंगाची पाकिटे भरली आणि काट्यावर ४ किलो वजन आले, असे समजू. काट्याच्या वजनावर पुण्याचा आकार ४ × २० म्हणजे ८० रुपये, किमान आकारामुळे १००. पण खोक्याचे घनफळ ८०,००० घन सेंटिमीटर, म्हणजे घनमापी वजन १६ किलो. मग टप्पा दुसरा, दर १५ आणि आकार २४० रुपये. माल टेम्पोत जेवढी जागा खातो तिचे पैसे हेच आहेत. घनमापी वजन न धरणारे दुकान भडंगाच्या प्रत्येक खोक्यावर तोटा सोसते.

कडेचा प्रश्न. आकारणीचे वजन बहुधा पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत वाढवून घेतात, `CEILING(वजन,500)` असे. त्यामुळे बरीच पार्सले बरोबर ५ किंवा २० किलोवर, टप्प्याच्या नेमक्या कडेवर येऊन बसतात. ‘५ किलोपर्यंत’ म्हटले की ५ किलोचे पार्सल पहिल्या टप्प्यातच असायला हवे. पण `VLOOKUP` ची जवळपासची जुळणी वापरून टप्प्यांच्या खालच्या कडा ०, ५०००, २०००० अशा लिहिल्या, तर ५००० ही संख्या दुसऱ्या ओळीला जुळते. साताऱ्याच्या ५ किलो बेदाण्यांना ८० ऐवजी ६० रुपये लागतात. कडेवर न बसणाऱ्या बाकी सर्व पार्सलांचे उत्तर बरोबर येत असल्याने ही चूक लवकर सापडत नाही.

उपाय म्हणजे तक्त्यात वरच्या कडा लिहायच्या आणि आपल्या वजनापेक्षा काटेकोरपणे लहान अशा किती कडा आहेत ते मोजून त्यात १ मिळवायचा. अंतरालाही हीच रीत. वरचा तक्ता A1 पासून मांडला, वजनाच्या व अंतराच्या कडांच्या जागी नुसते आकडे ठेवले, H1 मध्ये ग्रॅममधले वजन आणि H2 मध्ये किलोमीटर भरले, तर सूत्र असे:

```
=MAX(INDEX(B5:E5, COUNTIF(B1:E1,"<"&H2)+1),
     INDEX(B2:E4, COUNTIF(A2:A4,"<"&H1)+1,
                  COUNTIF(B1:E1,"<"&H2)+1) * H1/1000)
```

वजन ५० किलोच्या किंवा अंतर ३०० किलोमीटरच्या पलीकडे गेले की हे सूत्र चूक दाखवते, आणि तेच योग्य आहे. ती चूक `IFERROR` लावून झाकू नये. असा माल ट्रान्सपोर्टवाल्याला विचारूनच पाठवायचा असतो.

दरातली घसरण. सूत्र अचूक असूनही तक्ता विचित्र उत्तर देऊ शकतो. साताऱ्याला ५ किलोचे ८० रुपये, आणि साडेपाच किलोचे साडेपाच गुणिले १२, म्हणजे ६६. जड पार्सल स्वस्त पडते. ही उलटापालट ६.६७ किलोपर्यंत टिकते, कारण तिथे १२ च्या दराने पुन्हा ८० होतात. गिऱ्हाइकाच्या हे लक्षात आले की तो खोक्यात अर्धा किलो जास्तीचा माल टाकायला सांगतो. यावर दोन उपाय चालतात. एक, मागच्या टप्प्याच्या कडेवरची रक्कम, इथे ८०, हीच पुढच्या टप्प्याची खालची मर्यादा धरायची. दुसरा, महावितरणच्या वीजबिलासारखा: पहिल्या ५ किलोंना १६ चा दर, वरच्या वजनालाच १२ चा, साडेपाच किलोचे ८६ रुपये. हवाई मालवाहतुकीत याच्या उलट रीत आहे. पुढच्या टप्प्याच्या किमान वजनाचा आकार कमी येत असेल तर तोच लावतात, म्हणजे सवलत गिऱ्हाइकाला मिळते. छोट्या दुकानासाठी पहिला उपाय बरा, कारण तो काउंटरवर एका वाक्यात सांगता येतो.

किमान आकार काय झाकतो. पुण्याच्या स्तंभात ५ किलोच्या कडेवर ही घसरण दिसतच नाही. २० च्या दराने ५ किलोला नेमके १०० होतात आणि किमान आकारही १०० आहे. म्हणून पहिला टप्पा पूर्ण किमान आकारातच जातो. त्या चौकटीतला २० हा आकडा निकामी आहे: तो १५ केला तरी एकाही बिलात फरक पडणार नाही. तक्ता तयार झाल्यावर प्रत्येक स्तंभातला किमान आकार पहिल्या दराने भागून पाहावा. कोल्हापूरला ४० भागिले १२, म्हणजे सुमारे ३.३ किलोपर्यंत किमान आकार चालेल. भागाकार पहिल्या टप्प्याच्या कडेला पोहोचला, तर दर किंवा किमान आकार यांपैकी एक बदलायला हवा.

हाच किमान आकार भरण्यातल्या चुकाही लपवतो. ग्रॅमच्या जागी कोणी किलो भरले, ५००० ऐवजी नुसते ५, तर सूत्राला ते ५ ग्रॅम वाटते आणि साताऱ्याचे बिल मुकाट्याने ६० रुपये निघते. वजन शून्य पडले तरी ६०च. म्हणून गुणाकाराची रक्कम आणि किमान आकार लावल्यानंतरची रक्कम वेगवेगळ्या चौकटींत दिसू द्यावी, आणि ५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन स्वीकारूच नये.