न सरकणाऱ्या सावल्यांचे रान

लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड ताऱ्याभोवतीच्या सजीवसृष्टीची कल्पना करताना चित्रकार बहुधा रक्तवर्णी अंधुक आकाश रंगवतात. प्रत्यक्ष हिशेब थोडा वेगळा निघतो. सूर्य वगळता आपल्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे 4.24 प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी, आणि तोही लाल बटूच. त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 3,000 केल्व्हिन आहे, म्हणजे जवळपास जुन्या पिवळ्या बल्बच्या तारेइतके, आणि म्हणून त्याचा उजेडही तसाच केशरट पिवळा असणार. 2016 मध्ये सापडलेला त्याचा ग्रह, प्रॉक्झिमा बी, त्याच्यापासून केवळ 73 लाख किलोमीटरवरून 11.2 दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. तिथून हा छोटासा तारा आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद दिसेल. त्या ग्रहाला वातावरण आहे की नाही, हेच अजून ठरलेले नाही. तरीही हवा आणि पाणी आहे असे धरून तिथले रान कसे वाढेल, हे भौतिकशास्त्राच्या आधारे बऱ्यापैकी मांडता येते.

या ग्रहाला पृथ्वीच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा मिळते, पण तिचा मोठा भाग अवरक्त असतो. डोळ्यांना दिसणारा उजेड आपल्या दुपारच्या दोन-तीन टक्केच भरेल. हाही काही काळोख नव्हे, कारण ट्यूबलाइट लावलेल्या खोलीपेक्षा तो कितीतरी अधिक आहे. खरी अडचण वनस्पतींची होते. ताऱ्याचा प्रकाश 970 नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असतो आणि त्या तरंगलांबीच्या प्रकाशकणात, आपले हरितद्रव्य वापरते त्या तांबड्या प्रकाशकणाच्या जेमतेम 70 टक्के ऊर्जा असते. पृथ्वीवर ऑक्सिजनचा एक रेणू मोकळा करायला किमान आठ प्रकाशकण लागतात. तिथे एका अंदाजानुसार बारा लागतील. म्हणजे मुबलक पण हलक्या नाण्यांत किंमत चुकवण्यासारखा हा व्यवहार आहे.

मात्र जीवन पाण्यात सुरू झाले असेल, तर ही नाणी सुरुवातीला हातीच लागणार नाहीत. 970 नॅनोमीटरचा प्रकाश पाणी इतक्या झपाट्याने शोषते की वीतभर खोलीवर तो जवळजवळ उरत नाही, तर तांबडा प्रकाश काही मीटर खाली पोहोचतो. त्यामुळे समुद्रातल्या पहिल्या शैवलांना दृश्य प्रकाशावरच भागवावे लागेल आणि त्यांचे वंशज जमिनीवर आल्यावरही तीच जुनी यंत्रणा काही काळ सोबत आणतील, असे जपानी संशोधकांनी 2017 मध्ये मांडले. लाल बटू ताऱ्याखालची झाडे काळीच असतील असे सरसकट सांगितले जाते, ते म्हणूनच मला घाईचे वाटते.

आता या रानाचा सर्वांत विलक्षण भाग. ताऱ्याच्या इतक्या जवळ असल्यामुळे भरती-ओहोटी घडवणाऱ्या बलांनी ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल, तर सूर्य आकाशात एकाच जागी खिळलेला राहील. झाडाला पाने वळवावी लागणार नाहीत; एकदा योग्य कोनात फुटलेले पान मरेपर्यंत तसेच राहील. उलट टेकडीच्या सावलीत पडलेल्या बीला सकाळची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण ती सावली कधीच हटणार नाही.

काळोख्या बाजूच्या सीमेजवळ, सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असलेली एक जागा घेऊ. तिथे एक मीटर उंचीच्या प्राण्याची सावली साडेपाच मीटरहून लांब पडेल. हवामानाच्या अनेक प्रारूपांनुसार जमिनीलगतचा वारा थंड काळोख्या बाजूकडून उजेडाकडे वाहतो. शिकारी काळोखाच्या बाजूने आला, तर त्याचा वास त्याच्या आधी सावजापर्यंत पोहोचेल. सूर्याच्या बाजूने आला, तर वास येणार नाही आणि सावजाच्या डोळ्यांवर तिरीपही येईल. पण त्याची लांबलचक सावली त्याच्या पुढे सरकत जाईल. जिथे खडकांच्या सावल्या पिढ्यान्‌पिढ्या जागच्या हलत नाहीत, तिथे हलणारी सावली हीच धोक्याची सूचना. वाऱ्याने डोलणाऱ्या झुडपाची सावली एकाच जागी झुलते, शिकाऱ्याची पुढे येते. हा फरक ओळखणारा डोळा तिथे टिकेल. शिकाऱ्यालाही मग खडकाच्या ठरलेल्या सावलीतूनच, तिच्या कडेबाहेर न पडता सरकावे लागेल, आणि त्या सावलीचे टोक संपते तिथून सावज किती दूर आहे यावर शिकार ठरेल.

अशा डोळ्यांनी अवरक्तातही पाहावे, असे सहज वाटते. पण तरंगलांबी वाढत गेली की प्रकाशकण इतके दुबळे होतात की डोळ्यातले रंगद्रव्य शरीराच्या उष्णतेनेच अधूनमधून चाळवते आणि नसलेला उजेड दिसू लागतो. पृथ्वीवरच्या काही सापांनी, उदाहरणार्थ घोणसाच्या दूरच्या नात्यातल्या चापड्याने, वेगळी वाट धरली आहे. त्याच्या डोळा आणि नाकपुडीमधल्या खळग्यात पातळ पडदा असतो आणि तो प्रकाशाऐवजी उष्णतेने तापतो. प्रॉक्झिमा बीच्या उजेडात मात्र तापलेले खडकही तसेच चमकतील, त्यामुळे असा खळगा सावलीत दबा धरणाऱ्यालाच उपयोगी पडेल.