भडक रंग आणि न दिसणारी सूट

‘अक्षरं मोठी आणि भडक रंगात टाकली की जाहिरात सगळ्यांना वाचता येतेच की!’

नाही येत. अक्षर मागच्या रंगीत पट्टीतून उठून दिसतं ते मुख्यतः फिकट-गडद फरकामुळे. कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एखाद्या चप्पल दुकानाची २० सेकंदांची व्हिडिओ जाहिरात घ्या. हिरव्या पट्टीवर (#008000) लालभडक (#FF0000) मजकूर: ‘रविवारपर्यंत सूट’. या जोडीचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर, म्हणजे फिकट-गडद फरकाचं माप, जेमतेम १.३:१ भरतं. वेबवरचा मजकूर अपंगांनाही वापरता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत मोठ्या अक्षरांना निदान ३:१ आणि लहान अक्षरांना ४.५:१ लागतं. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्या दृष्टीने ही पट्टी जवळजवळ कोरीच. तीच अक्षरं काळ्यावर पिवळी करा, गुणोत्तर १९ च्या वर जातं. तपासायचं तर फोनची स्क्रीन ग्रेस्केल करा. अक्षरं पट्टीत विरली तर रंग बदला.

पण अंध गिऱ्हाइकाला रंगाचा काय उपयोग? जाहिरातीच्या शेवटी नुसती हलगी वाजते आणि फोन नंबर मुक्यानेच झळकून जातो, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. नंबर आणि मुदत बोलून सांगा, आकडे सुटे सुटे. त्या वेळी हलगी बोलणाऱ्याच्या आवाजापेक्षा २० डेसिबलने खाली ठेवा, कारण कमी ऐकू येणाऱ्याला वाद्यातून शब्द वेगळा काढणं फार जड जातं. आणि जे बोललं, ते पडद्यावरही लिहा. मग एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून ऐका. दोन्ही वेळा दुकान, मुदत आणि नंबर कळला पाहिजे.