उद्याची वीज आणि उद्याचा वारा

जानेवारी हा मेलबर्नचा ऐन उन्हाळा. २०१४ साली १४ ते १७ जानेवारी असे सलग चार दिवस तिथला पारा ४१ अंशांच्या वर गेला. टेनिसची ऑस्ट्रेलियन ओपन चालू होती आणि त्यातल्या एका दुपारी उघड्या कोर्टांवरचे सामने थांबवावे लागले. घराघरात एसी चालू, दुकानांत चालू, ऑफिसांत चालू. अशा दिवसासाठी किती वीज लागेल, हे वीज यंत्रणेला आदल्या दिवशीच ठरवावं लागतं, कारण बंद असलेलं मोठं औष्णिक केंद्र बटण दाबल्याबरोबर चालू होत नाही.

मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, तिथली २०१२ ते २०१४ या तीन वर्षांतली दर अर्ध्या तासाची विजेची मागणी आणि मेलबर्नचं तापमान असा एक संच `R` या संगणकीय भाषेत `vic_elec` या नावाने खुला मिळतो. मागणीचा अंदाज शिकणाऱ्या बऱ्याच जणांचा हात याच आकड्यांवर बसतो. आपणही तेच घेऊ, आणि त्यातलं फक्त २०१४ हे वर्ष. प्रत्येक दिवसाची मागणी बेरजेने काढायची आणि हजाराने भागायची. जो आकडा येईल त्याला आपण नुसतं ‘एकक’ म्हणू. साधारण दिवशी तो दोनशे-सव्वादोनशेच्या आसपास असतो. सोबत त्या दिवसाचं कमाल तापमान, आणि तो दिवस कामाचा की सुट्टीचा.

हे ठिपके कागदावर मांडले की पसरट वाटीसारखा आकार दिसतो. थंडीत हीटर लागतात म्हणून मागणी वर, उन्हाळ्यात एसी लागतात म्हणून पुन्हा वर, आणि मध्ये बुड. वाटी पकडायची तर तापमानाचा वर्ग लागतो:

```r
fit <- daily |>
  model(dr = ARIMA(Demand ~ Temperature +
                   I(Temperature^2) + Workday))
```

उत्तर साधारण असं येतं (`level` म्हणजे मागणीची मूळ पातळी, `T` म्हणजे कमाल तापमान, आणि `W` कामाच्या दिवशी १, एरवी ०):

```
Demand = level - 7.61*T + 0.181*T^2 + 30.4*W + error
```

कामाचा दिवस असला की मागणी सुमारे ३० एककांनी वाढते. वाटीचं बूड २१ अंशांवर आहे. २६ अंशांवर पारा एक अंशाने चढला तर मागणी जवळजवळ दोन एककांनी वाढते. ४० अंशांवर तोच एक अंश जवळजवळ सात एककं खातो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यावरच फिरणार आहे.

(मुंबईचे आकडे घेतले तर वाटीची डावी भिंत जवळपास नसेलच, कारण आपल्याकडे हीटर कोण लावतं? आणि उजवीकडेही नुसता पारा पुरणार नाही, दमटपणा मोजावा लागेल. राज्याचा आकडा घ्यायचा तर शेतीपंप आले, म्हणजे पाऊस आला. प्रत्येक गावाची वाटी वेगळी.)

समीकरणातला शेवटचा `error` हा शब्द झाडून टाकायचा केर नाही. आकड्यांवरून असं समीकरण बसवण्याला रिग्रेशन म्हणतात, आणि साध्या रिग्रेशनमध्ये असं गृहीत धरतात की आजच्या चुकीचा कालच्या चुकीशी काही संबंध नाही. विजेच्या बाबतीत ते साफ खोटं ठरतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा बघा. कॅलेंडरवर कामाचे म्हणून जे दिवस आहेत त्या दिवशीही निम्मं शहर रजा टाकून समुद्रावर गेलेलं असतं. तापमान आणि वार एवढंच जाणणारं समीकरण रोज जास्तीचा आकडा सांगतं, आणि रोज एकाच बाजूला चुकतं. डायनॅमिक रिग्रेशन म्हणजे या उरलेल्या चुकीलाच आठवण देणं. काल-परवाची चूक, शिवाय गेल्या आठवड्यातली याच वाराची चूक, यांवरून उद्याची चूक किती असेल हे एक वेगळं सूत्र सांगतं. या सूत्रांच्या कुळाला ‘अरिमा’ म्हणतात. वरच्या ओळीत ते `ARIMA` या नावातच आलं आहे.

आठवणीचा तोटाही असतो. वर्षअखेरची सुस्ती मॉडेलच्या डोक्यात बसते आणि जानेवारीचे पहिले दोन आठवडेही ते मागणी कमीच सांगत राहतं. मेलबर्नमध्ये सुट्ट्या जानेवारीतही बऱ्याच रेंगाळतात, म्हणून तिथे ते बऱ्यापैकी खपून जातं. जिथे २ तारखेला सगळे कामावर हजर होतात तिथे खपणार नाही.

हे सगळं जमल्यावरही जी चूक उरते, तिचं प्रमाण विचलन, म्हणजे ती साधारण किती मागेपुढे होते याचं माप, सुमारे ६.७ एककं. एका दिवसापुढचा अंदाज सांगताना संगणक त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण १३ एककांचा पट्टा काढतो आणि सांगतो, शंभरातल्या पंचाण्णव वेळा खरी मागणी या पट्ट्यात पडेल. इथे सावध व्हायला हवं. हा पट्टा काढताना संगणकाने असं मानलेलं असतं की उद्याचं तापमान तुम्हाला पक्कं माहीत आहे. तुम्ही ३६ लिहा, तो ३६ धरतो. तो आकडा कुठून आणला, हे त्याला कधीच कळत नाही.

आणि तुम्ही आणणार कुठून? उद्या कामाचा दिवस आहे का, हे कॅलेंडर सांगतं. उद्याचं तापमान मात्र स्वतःच एक अंदाज आहे.

सरावात बऱ्याचदा एक सोपी वाट घेतात: जानेवारीतलं मेलबर्नचं सरासरी कमाल तापमान २६च्या आसपास, तर पुढचे चौदा दिवस २६ लिहून टाकायचं. ‘असं झालं तर काय’ हे पाहण्यासाठी ठीक आहे. पण सरासरी तापमान घातलं म्हणजे सरासरी मागणी मिळते असं कुणी समजत असेल, तर वाटीचा आकार आडवा येतो. समजा निम्मे दिवस २० अंशांचे आणि निम्मे ३२ अंशांचे. सरासरी २६च. पण ३२च्या दिवशी मागणी जेवढी वर जाते, तेवढी २०च्या दिवशी खाली येत नाही. हिशोब केला तर खरी सरासरी मागणी २६ घालून काढलेल्या आकड्यापेक्षा साडेसहा एककांनी जास्त निघते. मॉडेलची स्वतःची चूक ६.७ आहे, हे आठवा. म्हणजे काही चुकलंय असं न जाणवताच तेवढीच आणखी एक चूक पदरात पडते, आणि तीही कायम एकाच बाजूची, मागणी कमी सांगणारी.

मेलबर्नच्या हवेत याहून अवघड प्रकार आहे. उन्हाळ्यात उत्तरेकडून, म्हणजे वाळवंटाच्या बाजूने, भाजणारा वारा येतो. मग दक्षिणेच्या समुद्रावरून थंड हवेची फळी घुसते आणि पारा पाहता पाहता धाडकन खाली येतो. तिथले लोक याला ‘कूल चेंज’ म्हणतात आणि त्याची आपल्याकडच्या वळवासारखी वाट पाहतात. हवामान खात्याला तो येणार हे माहीत असतं, पण किती वाजता, यात काही तासांचा घोळ होऊ शकतो. आता कामाचा एक कल्पित दिवस घ्या. फळी सकाळी अकराला आली तर कमाल तापमान ३० वर अडकेल. दुपारी चारला आली तर तोवर पारा ४१ गाठून मोकळा झालेला असेल. दोन्ही शक्यता सारख्याच, असं धरू.

कुणी भाबडेपणाने यांची सरासरी काढून ३५.५ लिहिलं, तर समीकरण एक आकडा देतं आणि त्याभोवती तेरा-तेरा एककांचा पट्टा. खरं काय होईल? फळी उशिरा आली तर मागणी त्या आकड्याच्या ३४ एककं वर. लवकर आली तर २३ एककं खाली. दोन्ही वेळा पट्ट्याच्या बाहेर! पंचाण्णव टक्के खात्रीचा पट्टा अशा जागी काढला गेला, जिथे मागणी बहुतेक पडणारच नाही. पट्टा रुंद करूनही हे सुटत नाही, कारण इथे शक्यतांचा एक डोंगर नसून दोन डोंगर आहेत आणि पट्टा मधल्या दरीत उभा आहे.

मग करायचं काय? तापमानाचा एक आकडा मागायचाच नाही, अनेक मागायचे. हवामानाची मोठी केंद्रं आज एकच अंदाज काढत नाहीत. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फेरफार करून तीच गणितं पुन्हा पुन्हा चालवतात. मध्यम पल्ल्याच्या अंदाजांच्या युरोपीय केंद्राच्या संचात असे ५१ अंदाज असतात. ते ५१ आकडे एकेक करून आपल्या समीकरणात घालायचे, प्रत्येक उत्तरात मॉडेलच्या जुन्या चुकांमधून चिठ्ठ्या टाकून उचललेली एक चूक मिसळायची, आणि हे हजारो वेळा करायचं. हाती येणाऱ्या ढिगात दोन डोंगर असतील तर ते आपोआप दिसतात, आणि वाटीच्या वक्रतेचा हिशोबही वेगळा करावा लागत नाही. घोडचूक एकच: ५१ तापमानांची आधी सरासरी काढून मग ती समीकरणात घालणं. आधी प्रत्येकाची मागणी, मग काय ते एकत्र.

दोन आठवड्यांच्या पलीकडे कुठलंही केंद्र एखाद्या ठरावीक दिवसाचं तापमान उपयोगी पडेल इतक्या नेमकेपणाने सांगत नाही. तिथे मागच्या वर्षांची हवाच पुढची हवा म्हणून वापरतात. पण सुटे दिवस पिसून चालत नाही. उष्णतेची लाट सलग येते, तिसऱ्या रात्री घराच्या विटासुद्धा तापलेल्या असतात. दिवस सुटे केले की लाटाच नाहीशा होतात आणि सर्वोच्च मागणी बिनधास्त कमी दिसते. म्हणून सलग दिवसांचे गठ्ठे उचलायचे, आणि तेही त्याच ऋतूतले. मोनॅश विद्यापीठाच्या रॉब हाइंडमन आणि शू फॅन यांनी २०१० साली दीर्घ मुदतीच्या सर्वोच्च मागणीसाठी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचा गाभा असाच आहे.

आपलं मॉडेल चुकतंय ते विजेमुळे की हवेमुळे, हे ओळखायला एक साधी परीक्षा आहे आणि ती फारदा टाळली जाते. मागच्या सहा महिन्यांचे अंदाज दोनदा काढायचे: एकदा प्रत्यक्ष नोंदलेलं तापमान घालून, एकदा आदल्या दिवशी हवामान खात्याने जे सांगितलं होतं ते घालून. पहिल्यातली चूक समीकरणाची. दुसऱ्यात जी भर पडते, ती हवेची. अडचण अशी की जुने अंदाज फारसं कुणी जपून ठेवत नाही. प्रत्यक्ष पारा दप्तरात असतो, पण ‘काल आम्ही उद्याबद्दल काय म्हणालो होतो’ हे नवा अंदाज आला की बऱ्याचदा पुसलं जातं. मग लोक फक्त पहिली परीक्षा घेतात, उत्तम गुण मिळवतात, आणि पहिल्याच कूल चेंजला तोंडघशी पडतात. आजपासून रोज संध्याकाळचा हवामान अंदाज तारीख-वेळ घालून एका फाइलीत साठवायला लागलात, तरी पुढच्या उन्हाळ्यात दुसरी परीक्षा घेता येईल.

दोन डोंगरांचं चित्र हाती आलं की नियंत्रण कक्षातला प्रश्नही बदलतो. ३५.५ अंशांची वीज कुणी मागवत नाही. मागणी ३० अंशांची धरून चालतात, उरलेल्या ५८ एककांसाठी लवकर चालू होणारी गॅसची आणि जलविद्युत केंद्रं राखून ठेवतात, आणि सकाळपासून दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या वेधशाळांचे वाऱ्याचे आकडे बघत बसतात. तिथे वाऱ्याची दिशा फिरली की फळी शहराच्या दाराशी आली.