फ्लॅट व्याजदर आणि घटत्या शिलकीवरील व्याजदर

वैयक्तिक कर्जावर व्याज आकारण्याच्या या दोन पद्धती. फ्लॅट पद्धतीत पूर्ण मुदतभर मूळ रकमेवरच व्याज लागते; मध्ये किती मुद्दल फिटले, हे पाहिले जात नाही. घटत्या शिलकीच्या (रिड्यूसिंग बॅलन्स) पद्धतीत प्रत्येक महिन्याचे व्याज त्या वेळी बाकी असलेल्या मुद्दलावरच लागते. त्यामुळे दोन्हीकडचा ‘१० टक्के’ हा आकडा एकच वाटला, तरी त्याची किंमत वेगळी असते.

एक लाख रुपये, तीन वर्षे, फ्लॅट १० टक्के असे कर्ज घेऊ. दरवर्षी १०,००० प्रमाणे व्याज ३०,००० आणि ३६ हप्ते, प्रत्येकी सुमारे ३,६११ रुपयांचे. फ्लॅटच्या हिशेबाने प्रत्येक हप्त्यात २,७७८ मुद्दल आणि ८३३ व्याज असते. शेवटच्या महिन्यात कर्जदाराकडे जेमतेम २,७७८ रुपये उरलेले असतात, तरी व्याज ८३३ रुपयेच, म्हणजे त्या एका महिन्याला ३० टक्के! फेडून टाकलेल्या पैशांवरचे हे व्याज हीच या पद्धतीची खरी खोट आहे.

हाच ३,६११ चा हप्ता घटत्या शिलकीच्या भाषेत सांगायचा तर दर सुमारे १७.९ टक्के भरतो. एक्सेलमध्ये तो असा काढता येतो:

```
=RATE(36,-3611,100000)*12
```

घटत्या शिलकीवर खरेच १० टक्के दर असता, तर हप्ता ३,२२७ आणि एकूण व्याज सुमारे १६,१६० रुपये झाले असते. एवढेच काय, घटत्या शिलकीवरचे १४ टक्क्यांचे कर्जही (व्याज सुमारे २३,०४०) फ्लॅट १० टक्क्यांपेक्षा जवळजवळ सात हजारांनी स्वस्त पडते. जाहिरातीतला लहान आकडा पाहून कर्ज निवडणारा इथेच फसतो.

प्रक्रिया शुल्काने दर आणखी चढतो. वरच्या कर्जात २ टक्के शुल्क आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी आधीच कापून घेतला, तर हातात ९७,६४० रुपयेच पडतात. हप्ता मात्र तोच. खरा दर मग १९.६ टक्क्यांच्या घरात जातो.

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि बिगर-बँक वित्तीय कंपन्यांना नव्या किरकोळ मुदत कर्जासाठी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’ हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते. त्यात शुल्कांसह एकूण वार्षिक दर, म्हणजे एपीआर, छापलेला असतो. दोन कर्जांची तुलना याच आकड्यावर करावी. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली येत नाहीत, त्यामुळे तिथे हिशेब स्वतः करावा लागतो. हप्त्याला हप्त्यांच्या संख्येने गुणावे, मुद्दल वजा करावे, उरलेल्या रकमेला वर्षांनी भागावे आणि ती मुद्दलाच्या किती टक्के आहे ते पाहावे. उत्तर सांगितलेल्या दराइतकेच आले, तर तो दर फ्लॅट आहे.